फोन हरवला तर पहिल्या अर्ध्या तासात काय करायचं : ऑफिसबाहेरून काम करण्याचे नवे नियम

विषय : सोमवारपासून ऑफिसबाहेरून काम फक्त नोंद झालेल्या फोन-लॅपटॉपवरून, फोन हरवला तर लगेच कळवणे

नमस्कार मंडळी,

मेल मोठा आहे. चहाच्या वेळेला निवांत बसून वाचा, पण शेवटपर्यंत वाचा. नुसते नियम लिहून पाठवले असते तर चार ओळींत काम झालं असतं. पण नियमामागचं कारण कळलं नाही तर आयत्या वेळी माणूस गडबडतो, आणि या प्रकारात गडबड महागात पडते हे आपण यंदाच्या जानेवारीत पाहिलंय.

आधी तेच सांगतो. संक्रांतीला होम मैदानावरच्या गड्डा यात्रेत आपल्या मार्केटिंगच्या एका सहकाऱ्याच्या खिशातून फोन गेला. साधारण पावणेआठची वेळ. त्याने तासभर शोधला, सोबतच्यांच्या फोनवरून रिंग देऊन पाहिली. दोनदा रिंग गेली, मग बंद. घरी गेला, जेवला नाही, झोपला नाही, आणि दुसऱ्या दिवशी साडेदहाला ऑफिसला येऊन खाली मान घालून सांगितलं. मधल्या पंधरा तासांत त्याच्या व्हॉट्सॲपवरून आपल्या तीन पार्ट्यांना मेसेज गेले होते : "जुन्या खात्याला अडचण आहे, या वेळचं पेमेंट या नवीन खात्यावर टाका." मेसेजच्या वर आपल्याच टॉवेलच्या ऑर्डरचं खरं बोलणं होतं, खरा रेट होता, बिल्टीचा खरा फोटो होता. संशय यावा कशावरून? लातूरच्या पार्टीने पैसे टाकायच्या आधी सहज म्हणून ऑफिसच्या लँडलाइनवर फोन केला, म्हणून आपण वाचलो.

त्या फोनला पॅटर्न लॉक होतं. इंग्रजी एल अक्षरासारखं, काचेवर बोटाचा डाग तिरप्या उजेडात स्पष्ट दिसावा असं. पण मला खरी टोचणी वेगळीच आहे. तो रात्रीच का बोलला नाही? कारण दोन वर्षांपूर्वी दुसऱ्या एकाचा फोन पाण्यात पडला तेव्हा मी सगळ्यांसमोर आवाज चढवला होता. ते त्याच्या लक्षात होतं. ती चूक माझी. म्हणून आज लेखी देतो : फोन हरवला, चोरीला गेला, रिक्षात राहिला, कसाही गेला तरी कुणाचा पगार कापला जाणार नाही, कुणाला बोलणी खावी लागणार नाहीत. उशिरा सांगितलं तरीही नाही. फक्त सांगा, आणि जमेल तितक्या लवकर सांगा.

आता लवकर म्हणजे किती आणि का, ते बघू.

फोनमध्ये नेमकं असतं काय

आपल्याला वाटतं पासवर्ड डोक्यात आहे, म्हणजे फोन गेला तरी खातं सुरक्षित. तसं नसतं. तुम्ही ऑफिसचा मेल फोनवर एकदा उघडता, पासवर्ड टाकता, ओटीपी टाकता. त्यानंतर रोज मेल आपोआप उघडतो, पुन्हा काही विचारत नाही. कारण पहिल्या वेळी मेलच्या सर्व्हरने त्या फोनला एक बिल्ला दिलेला असतो. पुढे फोन तो बिल्ला दाखवतो आणि आत जातो. चोराच्या हाती फोन गेला आणि स्क्रीनचं लॉक उघडलं, की त्याला पासवर्ड लागतच नाही. बिल्ला त्याच्या हातात आहे. म्हणून नुसता पासवर्ड बदलून हायसं वाटून घेऊ नका. तो बिल्ला रद्द व्हायला हवा, म्हणजे त्या फोनला खात्यातून बाहेर काढायला हवं.

दुसरी गोष्ट सिम. तुमचा फोन कितीही घट्ट लॉक असला तरी सिमकार्ड पिनेने बाहेर येतं. ते दुसऱ्या फोनमध्ये घातलं की तुमचे ओटीपी तिथे येतात. म्हणजे चोराला तुमचा फोन उघडायचीही गरज नाही. याला इलाज आहे आणि तो आपल्यापैकी फार थोड्यांनी केलाय : सिमला स्वतःची पिन लावणं. सेटिंगमध्ये ती सोय प्रत्येक फोनला असते. ती लावली की सिम दुसऱ्या फोनमध्ये घातल्यावर आधी पिन मागतं. तीन वेळा चुकली की सिम अडतं आणि कंपनीकडून मिळणारा पीयूके नंबर लागतो. तोही दहा वेळा चुकला तर ते सिम कायमचं बाद होतं. लावताना आधी कंपनीची मूळची पिन टाकावी लागते, ती अंदाजाने टाकू नका. शनिवारी आपण सगळ्यांची एकत्रच लावू, कंपनीला फोन करून.

तिसरी गोष्ट, जी आपल्या कामाची खास आहे : ऑफिसच्या कॉम्प्युटरवर बाहेरून येण्याचा रस्ता. टॅली, पार्ट्यांची उधारी, रेटलिस्ट, डिझाइनच्या फायली सगळं तिथे आहे. आजवर आपण काय करत होतो? राउटरमधून एक दार थेट रस्त्यावर उघडं ठेवलं होतं, आणि सगळे एकाच नावाने, एकाच पासवर्डने आत येत होतो. असं उघडं दार इंटरनेटवर शोधून काढणारे प्रोग्राम रात्रंदिवस फिरत असतात आणि सापडलं की पासवर्डचे अंदाज लावत बसतात. शिवाय एक पासवर्ड चौदा जणांकडे, म्हणजे एकाचा फोन गेला की चौदाही जणांचा पासवर्ड बदला. गोडाऊनला एकच कुलूप आणि त्याच्या चौदा किल्ल्या, असा तो प्रकार होता. एक किल्ली हरवली तर कुलूपच बदलायचं, आणि तोवर हमाल बाहेर खोळंबलेले.

नोंद झालेला फोन म्हणजे काय

ते दार मी काल रात्री बंद केलं. आता बाहेरून येण्यासाठी वायरगार्ड नावाचं व्हीपीएन ॲप आहे. यात प्रत्येक फोनची, प्रत्येक लॅपटॉपची स्वतंत्र किल्ली असते. किल्लीचे दोन भाग असतात. गुप्त भाग तुमच्या फोनमध्येच राहतो. उघडा भाग ऑफिसच्या मशीनवरच्या यादीत लिहिला जातो. यादीत ज्याचं नाव नाही त्याला दार उघडणं सोडाच, इथे दार आहे हेसुद्धा समजत नाही, कारण अनोळखी किल्लीला मशीन उत्तरच देत नाही.

"नोंद झालेला फोन" म्हणजे एवढंच : ज्याची किल्ली त्या यादीत आहे तो. आणि एखादा फोन हरवला तर त्या एकट्याची ओळ खोडायची. बाकी तेरा जणांचं काम जसंच्या तसं चालू. ती ओळ खोडायला मशीनवर एक आज्ञा पुरते. तुमच्यापैकी ज्या दोघांना मी हे शिकवणार आहे त्यांच्यासाठी इथे लिहून ठेवतो :

```
wg set wg0 peer <त्या फोनची उघडी किल्ली> remove
```

इथे एक खाच आहे आणि मी स्वतः चाचणी घेताना तिच्यात अडकलो. या आज्ञेने किल्ली त्या क्षणी रद्द होते, पण फक्त चालू मशीनच्या आठवणीतून. फाइलमध्ये ती तशीच असते. एमआयडीसीत लाइट किती वेळा जाते ते मी तुम्हाला सांगायला नको. लाइट गेली, मशीन पुन्हा सुरू झालं, त्याने फाइल वाचली आणि रद्द केलेली किल्ली पुन्हा जिवंत झाली! म्हणून आज्ञा दिल्यावर `/etc/wireguard/wg0.conf` या फाइलमधूनही त्या फोनचा भाग काढायचा. दोन्ही केल्याशिवाय रजिस्टरमध्ये "रद्द" लिहायचं नाही.

व्हीपीएन म्हणजे सगळं झालं असंही नाही. ती किल्ली फोनमध्येच असते. उघडा फोन ज्याच्या हातात, किल्ली त्याच्या हातात. म्हणून व्हीपीएन लागल्यानंतर ऑफिसच्या कॉम्प्युटरचा पासवर्ड वेगळा विचारला जाईल, प्रत्येकाचा स्वतंत्र, आणि तो फोनमध्ये "सेव्ह" करायचा नाही. दर वेळी टाकायला कंटाळा येईल, मला कल्पना आहे. तरी टाका.

फोनची नोंद करताना मी तीन गोष्टी बघणार. स्क्रीनला सहा आकडी पिन, पॅटर्न नाही. कंपनीकडून सुरक्षेचे अपडेट अजून येतात का. आणि फोन रूट वगैरे करून त्याची मूळची सुरक्षा मोडलेली नाही ना. अँड्रॉइड १० किंवा त्यापुढचं व्हर्जन घेऊनच बाजारात आलेल्या फोनमध्ये आतली सगळी माहिती मुळातच सांकेतिक रूपात साठवलेली असते, आयफोनमध्येही तसंच. त्यामुळे चांगली पिन असलेला लॉक फोन चोराने उघडून आतली चिप काढली तरी त्याला वाचता येत नाही. सगळी मदार त्या सहा आकड्यांवर आहे. जन्मतारीख ठेवू नका, गाडीचा नंबर ठेवू नका.

ज्यांचा फोन फार जुना आहे त्यांनी संकोच करू नये. ऑफिसकडून दोन फोन घेतले आहेत, दौऱ्यावर जाताना ते न्यायचे.

आणि नोंद नसलेल्या यंत्रावरून काम नाही म्हणजे नाही. लॉजच्या काउंटरवरचा कॉम्प्युटर, सायबर कॅफे, मेहुण्याचा लॅपटॉप, पार्टीच्या ऑफिसमधला पीसी, कशावरूनही नाही. त्या यंत्रात दाबलेली प्रत्येक कळ टिपून ठेवणारा प्रोग्राम आहे की नाही हे तुम्हाला बाहेरून कळत नाही. कुणी फोन करून "स्क्रीन बघतो, हे ॲप टाका" म्हणालं तर आधी मला विचारा, तो स्वतःला बँकेचा म्हणवो नाहीतर टॅलीवाला.

"मालक, माझे फोटो बघणार का?"

हा प्रश्न दोघांनी मला समोर विचारला आणि बाकीच्यांच्या मनात असणार. योग्य प्रश्न आहे. फोन तुमचा, पैसे तुमचे, त्यात घरचे फोटो, बायकोचे मेसेज, दवाखान्याचे रिपोर्ट.

अँड्रॉइडमध्ये कामाचा एक वेगळा कप्पा करता येतो, त्याला वर्क प्रोफाइल म्हणतात. त्या कप्प्यातल्या ॲपच्या चित्रावर छोटी ब्रीफकेस दिसते. ऑफिसचा मेल, कामाच्या फायली, व्हीपीएन आणि पार्ट्यांशी बोलायचं व्हॉट्सॲप त्या कप्प्यात. तुमचं घरचं सगळं बाहेर. ऑफिसला अधिकार फक्त कप्प्यावर. तुमच्या गॅलरीत डोकावण्याची सोयच त्यात नाही, आणि फोन हरवल्यावर मी "पुसून टाका" म्हटलं तरी कप्पाच पुसला जातो, घरचे फोटो नाहीत. कप्प्याला वेगळं लॉकही लावू. म्हणजे पोरांना गेम खेळायला फोन दिला तरी पार्टीला चुकून काही जाणार नाही.

संपूर्ण फोन पुसायचा की नाही, हा निर्णय तुमचा. तो तुम्ही तुमच्या स्वतःच्या गूगल किंवा ॲपल खात्यातून घ्यायचा. मी सुचवेन, करणार नाही.

आता मुख्य मुद्दा : कशानंतर काय

फोन गेला हे कळल्यावर बहुतेक माणसं पहिली गोष्ट कोणती करतात? सिम बंद. मीही तेच केलं असतं. पण नीट विचार केला तर त्यात अडचण आहे.

फोन गेल्यावर करायच्या कामांचे दोन प्रकार पडतात. काही कामं आपल्या बाजूला होतात : व्हीपीएनची किल्ली रद्द करणं, मेलच्या खात्यातून तो फोन बाहेर काढणं. त्यांना हरवलेल्या फोनची काही गरज नाही. फोन बंद असो, विहिरीत पडलेला असो, ती कामं त्या क्षणी पुरी होतात. दुसऱ्या प्रकारची कामं म्हणजे फोनला पाठवलेला निरोप : "लॉक हो", "कप्पा पुसून टाक", "कुठे आहेस सांग". हा निरोप पोहोचायला फोनला इंटरनेट हवं. आणि फोनला इंटरनेट कुठून मिळतं? त्याच सिमवरून. तुम्ही आधी सिम बंद केलं की आपणच निरोपाची वाट बुजवली. मग फोन कुठल्या तरी वायफायला जोडला जाईपर्यंत तो निरोप सर्व्हरवर पडून राहणार.

उलट बाजूने, सिम चालू ठेवलं तर ओटीपीचा धोका. म्हणजे दोन्हीकडून ओढाताण आहे, आणि म्हणून क्रम ठरवावा लागतो. आपला क्रम असा : आधी आपल्या बाजूची दारं बंद, लगेच फोनला निरोप, मग दहा मिनिटं वाट, आणि निरोप पोहोचो न पोहोचो, त्यानंतर सिम बंद. अपवाद एकच. फोन तुमच्या हातातून उघडा असताना हिसकावला गेला असेल, म्हणजे तुम्ही बोलत किंवा बघत असताना, तर दहा मिनिटं थांबायचं नाही. निरोप पाठवला की लगेच सिम बंद. सिमला पिन नसेल तेव्हाही तसंच. पिन लावा म्हणून मी एवढा मागे लागलोय ते यासाठी. ती दहा मिनिटं पिनमुळे विकत मिळतात.

गड्ड्यातला तोच प्रसंग आता या क्रमाने पुन्हा बघा.

पावणेआठला खिसा रिकामा लागला. शोधाशोध पाच मिनिटं, जास्त नाही. मित्राचा फोन घेतला. पण ऑफिसचा नंबर? तो तर हरवलेल्या फोनमध्ये. म्हणून प्रत्येकाच्या ओळखपत्राच्या मागे एक कार्ड घालतोय. त्यावर माझा आणि अकाउंट्सच्या ताईंचा नंबर, तुमच्या सिम कंपनीचा आणि बँकेचा नंबर, आणि तुमच्या फोनचे आयएमईआय नंबर. रात्री दोन वाजले असले तरी फोन करा, दोघांपैकी एक जण उचलेलच.

फोनवर चार गोष्टी सांगायच्या : फोन हातात शेवटचा कधी होता, लॉक होता की उघडा, सिमला पिन आहे का, आणि आता तुम्हाला कुठल्या नंबरवर फोन करायचा. बाकी हकीकत नंतर.

सात बावन्नला ताई मशीनवर किल्ली रद्द करतात, मेलच्या ॲडमिन पानावरून खातं सगळीकडून बाहेर काढतात, कप्पा पुसण्याचा निरोप सोडतात. इकडे सहकारी मित्राच्या फोनवर `google.com/android/find` उघडतो. आयफोनवाल्यांना `icloud.com/find`. इथे एक मोठा सापळा आहे. गूगल म्हणतं, तुम्हीच आहात याची खात्री करा, तुमच्या फोनवर कोड पाठवलाय. कुठल्या फोनवर? जो हरवलाय त्याच! गड्ड्याच्या गर्दीत उभं राहून हे वाचताना माणसाचा धीर सुटतो. यासाठी गूगल दहा बॅकअप कोड देतं, प्रत्येक आठ आकडी, एक कोड एकदाच चालतो. खात्याच्या सुरक्षेच्या पानावर ते मिळतात. त्यातले दोन पाकिटात ठेवा, पण त्यांच्याशेजारी ईमेल लिहू नका. बाकीचे घरच्या कपाटात. आयफोनचं शोधण्याचं पान मात्र असा कोड न मागता उघडतं, तिथे नुसता पासवर्ड आठवायला हवा.

पान उघडलं की नकाशा दिसेल, किंवा "शेवटचा अमुक वाजता दिसला" एवढंच दिसेल. पहिलं बटण लॉक करण्याचं दाबा, आणि स्क्रीनवर दिसेल असा संदेश टाका : "हा फोन हरवला आहे, कृपया या नंबरवर कळवा", सोबत ऑफिसचा लँडलाइन नंबर. घरचा किंवा दुसरा मोबाइल नंबर टाकू नका. कारण पुढे सांगतो. पूर्ण पुसायची घाई नको, कारण पुसल्यावर अँड्रॉइड फोन तिथून नकाशावर दिसणं बंद होतं. ठिपका रिक्षास्टँडवर किंवा ओळखीच्या दुकानात थांबलेला असेल तर रिंग द्या, माणूस चांगला असतो, फोन परत मिळतो. ठिपका विजापूर रोडने पळत असेल तर पुसा. त्याच्या मागे स्वतः गाडी घालून जाऊ नका. हे मी मालक म्हणून नाही, घरचा माणूस म्हणून सांगतोय.

गर्दीत नेटवर्क मंद असतं, त्यामुळे निरोप पोहोचेलच असं नाही. पान तसं स्पष्ट सांगतं : पोहोचला की "झालं" असं दाखवतं, नाहीतर नुसतं "पाठवलंय". सराईत चोर पहिल्या मिनिटात फोन बंद करतो. तेव्हा नुसतं "पाठवलंय" दिसलं तरी घाबरू नका. आपल्या बाजूची दोन दारं एव्हाना बंद झालेली आहेत.

आठ वाजून पाच मिनिटांनी सिम कंपनीला फोन करून सिम बंद. लगेच बँकेला फोन करून यूपीआय आणि मोबाइल बँकिंग थांबवणे. खात्यातून पैसे गेलेले दिसले तर त्याच क्षणी १९३० या सायबर हेल्पलाइनला. तिथे जितकं लवकर कळवाल तितकी रक्कम पुढच्या खात्यात अडवली जाण्याची शक्यता जास्त.

इथपर्यंत वीस मिनिटं झाली. तिकडे पंधरा तास गेले होते.

व्हॉट्सॲपचं काम मात्र एवढ्यात संपत नाही. सिम बंद झालं तरी जुन्या फोनवरचं व्हॉट्सॲप वायफायवर चालू राहू शकतं, गड्ड्यानंतर झालं ते तसंच झालं. ते तोडायचा खात्रीचा मार्ग म्हणजे त्याच नंबरचं नवीन सिम घेऊन दुसऱ्या फोनवर व्हॉट्सॲप सुरू करणं; तसं केलं की जुना फोन आपोआप बाहेर पडतो. पण नवीन सिमवर पहिले चोवीस तास एसएमएस बंद असतात. दूरसंचार खात्याचा तसा नियम आहे, चोराने तुमच्या नावाने सिम काढलं तर त्याला लगेच ओटीपी मिळू नयेत म्हणून. तेव्हा व्हॉट्सॲपला "एसएमएस नको, कॉल करा" हा पर्याय निवडा. आणि तोवर ताई आपल्या सगळ्या पार्ट्यांना ऑफिसच्या नंबरवरून कळवतील : अमुक नंबरवरून येणारं काहीही मानू नका, आपलं बँक खातं बदललेलं नाही. हा मेसेज पाठवताना मला संकोच वाटला होता. पार्ट्यांनी उलट कौतुक केलं.

दुसऱ्या दिवशीची कामं

जिथे फोन गेला त्या हद्दीच्या पोलीस ठाण्यात जा. खिशातून काढला गेला असेल तर तक्रारीत "चोरी" लिहा, "गहाळ" नको. तक्रारीची प्रत घ्या. ती, बिल, ओळखपत्र आणि आयएमईआय घेऊन `sancharsaathi.gov.in` वर हरवलेला फोन ब्लॉक करण्याचा अर्ज भरायचा. ही सोय मे २०२३ पासून देशभर आहे. अर्जासाठी ओटीपी लागतो, म्हणजे पुन्हा तेच चोवीस तास थांबणं आलं. अर्ज झाला की तो फोन देशातल्या कुठल्याही कंपनीच्या सिमवर चालत नाही, आणि कुणी सिम घालून पाहिलं तर माग काढता येतो.

हे शेवटी करायचं, आधी नाही, याचं कारण आता तुमच्या लक्षात आलं असेल : ब्लॉक झालेल्या फोनला मोबाइल नेटवर्क मिळत नाही, म्हणजे निरोपाची वाट बंद. शिवाय ब्लॉक म्हणजे पुसणं नव्हे. आतली माहिती तशीच राहते आणि फोन वायफायवर चालतो.

आयएमईआय म्हणजे फोनचा पंधरा आकडी नंबर. डायल करण्याच्या जागी `*#06#` दाबा, लगेच दिसतो. दोन सिमच्या फोनला दोन असतात, दोन्ही लिहून घ्या. फोन गेल्यावर हे करता येत नाही. मग बिल शोधा नाहीतर खोका शोधा, आणि खोका आईने कधीच रद्दीत दिलेला असतो.

आता तो दुसरा मोबाइल नंबर का टाकू नका म्हटलं ते. फोन गेल्यावर काही दिवसांनी त्या नंबरवर मेसेज येतो : "तुमचा फोन सापडला, ठिकाण बघण्यासाठी इथे दाबा." खाली लिंक. उघडली की हुबेहूब गूगल किंवा ॲपलसारखं पान येतं आणि पासवर्ड मागतं. तो चोराचाच सापळा असतो. लॉक झालेला फोन त्याला पुन्हा विकता येत नाही, त्यासाठी तुमचा पासवर्ड हवा असतो. फोन परत मिळण्याच्या आशेवर असलेला माणूस पटकन फसतो. लँडलाइनवर लिंक येऊ शकत नाही, म्हणून तो नंबर द्यायचा.

आणि फोन खरंच परत मिळाला तर? आनंदच आहे, पण लगेच कामाला लावू नका. मधल्या वेळेत त्यात कुणी काय टाकलं ते बघून कळत नाही. तसाच ऑफिसला आणा. पूर्ण रिसेट करू, नवीन किल्ली देऊ, जुनी परत चालू करणार नाही. पोर्टलवर ब्लॉक केलेला असेल तर तिथूनच तो सोडवून घ्यावा लागतो.

येत्या शनिवारी तीन वाजता लूम बंद झाल्यावर सगळ्यांनी आपापला फोन, चार्जर आणि दौऱ्यावरचा लॅपटॉप घेऊन वरच्या हॉलमध्ये यावं. एकाला पंधरा-वीस मिनिटं लागतील : कप्पा, किल्ली, सिमची पिन, बॅकअप कोड, आणि रजिस्टरमध्ये आयएमईआयची नोंद. येण्याआधी घरून फोटोंचा बॅकअप घेऊन या, आणि गूगलचा पासवर्ड आठवतो का ते बघून या. न आठवणं सर्रास आहे, पण ते शनिवारी कळलेलं बरं.

जे त्या दिवशी हैदराबादच्या दौऱ्यावर आहेत त्यांनी सोमवारपर्यंत बाहेरून टॅली उघडायचा प्रयत्न करू नये, उघडणार नाही. काही हवं असेल तर ताईंना फोन करा, त्या बघून सांगतील.

आपला,
मालक